गप्पा संपल्यात, आता निघायचं कसं

एखाद्या कार्यक्रमात कोणाशी तरी उभ्याने बोलणं चालू आहे, पंधरा-वीस मिनिटं मस्त गेली, आणि आता दोघंही नुसतं "हो ना", "खरंय", "बघू आता" एवढंच म्हणताय, मधेच दोन सेकंद शांतता होते, मग कोणीतरी घाईघाईने मगाचाच मुद्दा परत उकरून काढतं. बोलणं संपलंय हे दोघांनाही कळलंय पण निघायचं कोणी आणि काय म्हणून, तेच सुचत नाही. हा लेख या एवढ्याच प्रसंगासाठी आहे. समोरासमोर, दोघंच जण, भांडण वगैरे काही नाही, चांगल्या झालेल्या गप्पा आता संपल्यात आणि समोरच्याला तोडून टाकल्यासारखं न वाटता तिथून निघायचंय. फोनचं आणि घोळक्याचं शेवटी थोडक्यात लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे अपराधी वाटणं जरा कमी होईल. 2021 साली ॲडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात अनोळखी लोकांच्या जोड्या करून त्यांना पाहिजे तेवढा वेळ, जास्तीत जास्त 45 मिनिटं, गप्पा मारायला सांगितलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं की तुम्हाला हे कधी संपायला हवं होतं. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेल्या गप्पा निघाल्या फक्त 2 टक्क्यांच्या आसपास. कोणाला आधीच थांबायचं होतं, कोणाला अजून बोलायचं होतं, आणि समोरच्याला काय हवंय याचा अंदाज बहुतेकांचा चुकला. म्हणजे तुम्ही निघायचं म्हणालात तर समोरचा दुखावेलच असं नाही, कदाचित तोही तुमच्यासाठीच थांबलेला असेल. पण त्याला अजून बोलायचं असू शकतं हेही तितकंच खरं, म्हणून निघताना त्याला एक शेवटची संधी द्यावी लागते. पुढचं सगळं या संधीभोवतीच फिरतं.

पहिली पायरी: खरंच संपलंय का ते बघा

नुसत्या शांततेवर जाऊ नका. शांतता विचार करण्याची पण असते. त्या शांततेनंतर काय येतं ते बघा. नवीन काही आलं तर गप्पा जिवंत आहेत. पण आधी सांगून झालेलंच परत आलं, किंवा "चालायचंच", "होईल हळूहळू", "शेवटी काय, आपल्या हातात थोडंच असतं" अशी वाक्यं आली, तर तो विषय मिटला. या वाक्यांकडे नीट लक्ष द्या, कारण ती कोणीही नाकारू शकत नाही आणि त्यात पुढे विचारण्यासारखंही काही नसतं. माणूस आपल्या गोष्टीला स्वतःच झाकण लावतो तेव्हा हीच भाषा वापरतो. दोन विषयांना लागोपाठ अशी झाकणं लागली आणि तिसरा निघाला नाही तर निघायची वेळ झाली असं समजा.

एक उलटी खूण पण लक्षात ठेवा. समोरचा थांबलाय, नजर खाली आहे, श्वास घेतलाय, "म्हणजे तसं..." म्हणून अडकलाय. हा माणूस काहीतरी जड सांगायच्या बेतात आहे, तेव्हा हलायचं नाही, विषय कितीही लांबलेला असो.

दुसरी पायरी: "बरं..." म्हणा आणि थांबा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

1973 मध्ये इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या दोन संशोधकांनी फोनवरची संभाषणं कशी संपतात हे बारकाईने तपासलं. त्यांना दिसलं की लोक एकदम निरोप घेत नाहीत. निरोपाच्या आधी कोणीतरी एक छोटा रिकामा शब्द टाकतं, उतरत्या आवाजात, आणि त्याला जोडून दुसरं काहीच बोलत नाही. आपल्याकडे त्याच जागी "बरं...", "चला...", "हं, मग..." येतं. या शब्दाचा अर्थ असा की माझ्याकडचं संपलं, तुझ्याकडे काही राहिलंय का. आता समोरच्यापुढे दोन रस्ते असतात. त्यानेही "हं", "हो, चला" असं रिकामंच उत्तर दिलं तर दोघांचं ठरलं, संपलं. नाहीतर त्याला काहीतरी आठवतं, "अरे हो, ते एक सांगायचं राहिलंच". म्हणजे तुम्ही "चला" म्हटल्यावर समोरचा नवीन विषय काढतो तेव्हा तो तुम्हाला अडवत नसतो. तुम्ही विचारलंत, त्याने उत्तर दिलं. हे कळल्यापासून माझी चिडचिड पुष्कळ कमी झाली.

ही पायरी गाळली आणि थेट "ओके बाय, निघते मी" म्हटलं की समोरच्याच्या तोंडातलं तोंडातच राहतं. आपण ज्याला तुटकपणा म्हणतो तो बहुतेक वेळा इथूनच येतो, शब्द कितीही गोड असोत.

करायचं कसं तर "बरं" म्हणताना आवाज खाली आणा. "बरं?" असा वर गेला की तो प्रश्न होतो आणि समोरचा परत बोलायला लागतो. नजर समोरच्यावरच ठेवा, हलकंसं हसा, आणि मग दोन सेकंद गप्प राहा. ही दोन सेकंदं नव्या माणसाला फार लांब वाटतात आणि तो घाबरून स्वतःच ती भरून काढतो, "बरं... आणि मग तुझ्या भावाच्या जॉबचं काय झालं?" झालं, अजून दहा मिनिटं गेली. निघायचं ठरल्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही, सहज म्हणून पण नाही, कारण प्रश्न विचारला की उत्तर ऐकून घ्यावंच लागतं.

तिसरी पायरी: त्यांचंच काहीतरी परत द्या, मग कारण सांगा

दोघांकडून "बरं" झालं की लगेच पळायचं नाही. या गप्पांमधली एक ठरावीक गोष्ट उचलून बोला, समोरच्याने सांगितलेली, आणि शक्यतो तुमच्या उपयोगी पडणारी. "मजा आली" हे कोणालाही कधीही म्हणता येतं, त्यावरून तुम्ही ऐकत होतात हे कळत नाही. "ते खोक्यांचं तुम्ही सांगितलंत ते लक्षात ठेवते" यावरून कळतं. निघणाऱ्या माणसाबद्दल समोरच्याच्या मनात जी छोटी शंका येते ना, की हा कंटाळला की काय, ती या एका वाक्याने जाते.

मग कारण. एकच सांगा, लहान सांगा, खरं सांगा. शक्य असेल तर ते कारण कुठेतरी जाण्याचं असू द्या. "मला निघायला हवं" म्हटलं की तुझ्यापासून निघायचंय असं ऐकू येतं, "जरा आत जाऊन सरांना भेटून येते" यात तुम्ही कुठेतरी चाललाय. आणि जे सांगितलं ते ताबडतोब करा. माझा एक अनुभव सांगते, अजूनही आठवलं की वाईट वाटतं. एका समारंभात एका बाईंना मी म्हटलं की मला घरी लवकर जायचंय, निघतेच आता. खोटं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी मला दुसऱ्या कोपऱ्यात जोरजोरात हसताना पाहिलं, आमची नजरानजर झाली आणि त्यांनी शांतपणे मान वळवली. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा दोन वाक्यांच्या पुढे बोलल्या नाहीत. त्या दिवशी "अजून दोनचार जणांना भेटायचं राहिलंय, त्यांना भेटून घेते" असं खरंखरं म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, कारण समारंभाला लोक त्यासाठीच येतात आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

कारण शोधायची एक उत्तम जागा म्हणजे गप्पांची सुरुवात. अगदी पहिल्या मिनिटात समोरच्याने काय करायचं राहिलंय म्हणून सांगितलं होतं ते मनात धरून ठेवा, "मला एक प्रिंट काढायचीय", "मुलीला आणायला जायचंय". शेवटी ते त्याला आठवून देता येतं. शेग्लॉफ आणि सॅक्स यांच्या फोनवरच्या संभाषणांमध्येही हे सापडतं, सुरुवातीला विचारून घेतलेली गोष्ट लोक शेवटी निरोपासाठी वापरतात. फक्त ते त्याने स्वतःहून सांगितलेलं असलं पाहिजे, आणि सोबत तुमचं स्वतःचं कारणही जोडा. नुसतं "तुम्हाला उशीर होत असेल ना" म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं.

एक खरा प्रसंग, जसाच्या तसा

मागे एका दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये ब्रेकमध्ये दुसऱ्या डिपार्टमेंटचे एक जण भेटले, माझ्यापेक्षा थोडे मोठे. आल्या आल्या म्हणाले की प्रिंट काढायचीय पण मशीनपाशी गर्दी आहे. मग त्यांच्या घर बदलण्यावरून विषय निघाला, आम्हालाही पुढच्या महिन्यात शिफ्ट व्हायचं होतं, त्यामुळे छान रंगल्या गप्पा. शेवट असा झाला.

ते म्हणाले, "एकदा शिफ्टिंग झालं की सुटलो. चालायचंच."
मी म्हटलं, "हो ना." मग शांतता.
मी, "बरं..."
ते, "हं."
मी, "तुम्ही खोक्यांवर खोलीचं नाव लिहायचं म्हणालात ना, ते मी नक्की करणारे, मागच्या वेळी स्वयंपाकघरातलं सामान शोधण्यात आमचे चार दिवस गेले होते."
ते, "करा करा, आणि वर नका लिहू, कडेला लिहा, एकावर एक रचले की वरचं दिसत नाही."
मी, "अरे हो की! चला, सेशन सुरू व्हायच्या आत मी घरी एक फोन करून घेते. तुमचीही प्रिंट राहिलीय ना."
ते, "हो हो, बघतो आता गर्दी कमी झाली असेल तर."
मी, "चला, भेटू आत."
ते, "भेटू."

सगळं मिळून अर्धं मिनिट. यात "चालायचंच" हे झाकण, मग माझं "बरं" आणि त्यांचं "हं" म्हणजे दोघांची संमती. मी खोक्यांचं परत काढलं तेव्हा त्यांच्याकडे एक छोटी गोष्ट राहिली होती, कडेला लिहायची, ती त्यांना सांगता आली आणि ती कामाचीही निघाली. म्हणून या वाक्यानंतर पण क्षणभर जागा सोडायची. मग माझं कारण, त्याला जोडून त्यांची प्रिंट. आणि शेवटी "भेटू आत" हे खरंच होणार होतं. "जेवायला या कधीतरी", "नक्की कॉल करते" हे करायचं नसेल तर म्हणू नका. पुढच्या भेटीचं खरंखुरं काही नसेल तर "बरं वाटलं बोलून, येते मी" एवढं पुष्कळ आहे. आणि हो, मी बाहेर जाऊन फोन केलाच.

पाय काय करतायत

उभ्याने बोलणारे दोघं समोरासमोर एक मोकळी जागा धरून उभे असतात, ॲडम केंडन या अभ्यासकाने याचा खूप अभ्यास केलाय, ती जागा दोघांची मिळून असते. तुम्ही आधीच अर्धे वळून उभे राहिलात तर बोलणं चालू असतानाच ती जागा तुम्ही मोडलीत, आणि समोरच्याला ते कळतं, भले त्याला ते शब्दात सांगता येणार नाही. म्हणून "बरं"पर्यंत पूर्ण समोर राहा. कारण सांगताना अर्धं पाऊल मागे घ्या. शेवटच्या शब्दाबरोबर वळा आणि जा. घड्याळ बघायचंच असेल तर तुमच्या बोलण्याच्या वेळी उघडपणे बघा, "किती वाजले, अरे अकरा". समोरचा बोलत असताना मोबाईलकडे चोरून बघणं मला वाटतं सगळ्यात जास्त लागतं.

निरोप झाल्यावर तिथेच रेंगाळलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आणि दोघांना एकाच दिशेला जायचंय असं दिसलं तर निरोप घेऊच नका, बोलत बोलत चाला आणि रस्ते वेगळे होतील तिथे घ्या, नाहीतर बाय करून शेजारी शेजारी चालत जायची वेळ येते.

समोरचा सोडतच नसेल तर

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, फार प्रेमळ, जिन्यात भेटल्या की बोलणं संपत नाही. त्यांच्याशी वरच्या सगळ्या पायऱ्या करून मी "येते काकू" म्हणते तोवर त्यांना पुढचं काहीतरी आठवतं. पहिल्यांदा आठवलं तर ते नीट ऐकायचं, दरवाजा आपणच उघडलेला असतो. पण त्यानंतर सगळं पहिल्यापासून नाही करायचं. त्या नव्या गोष्टीला एक खरं वाक्य द्यायचं आणि तेच कारण त्याच शब्दांत परत सांगायचं, "बरं झालं सांगितलंत काकू. निघते, रिक्षा खाली थांबलीय." दुसरं कारण जोडायचं नाही. माणूस दोन कारणं देतो तेव्हा दोन्ही खोटी वाटतात, आणि प्रत्येक कारणावर बोलायला समोरच्याला नवीन विषय मिळतो तो वेगळाच.

तिसऱ्यांदा सुरू झालं तर मात्र मध्ये बोलावं लागतं. त्यासाठी वाक्य संपायची वाट बघत बसू नका, अशी माणसं वाक्याच्या शेवटी थांबत नाहीत, मध्ये श्वास घ्यायला थांबतात. त्या श्वासाच्या जागी आधी हाक मारा, मग बोला. "काकू, तुम्हाला मधेच थांबवते, सॉरी, हे मला नीट ऐकायचंय, संध्याकाळी येते." हाक मारल्यावर माणूस आपोआप थांबतो आणि हाकेत माया पण असते. फक्त संध्याकाळी जायचं असेल तरच म्हणायचं. मी दोनदा गेले, अर्धा तास बसले, आणि तेव्हापासून जिन्यातलं बोलणं आपोआप छोटं झालंय, कारण त्यांना माहितीये की मी खरंच येते.

आणि कोणी तुम्हाला नको ते विचारतंय, अंगावर येतंय, निघू देत नाहीये असं असेल तर या कुठल्याच पायऱ्या करायची गरज नाही. सरळ निघा.

फोन आणि घोळका

फोनवर पाय, नजर काहीच नसतं म्हणून "बरं..." वरच सगळा भार येतो, तो जरा लांबवून म्हणा. आणि फोनची खरी सोय सुरुवातीला आहे, आधीच विचारून ठेवा "बिझी नाहीस ना?" आणि स्वतःचंही सांगून टाका, "माझ्याकडे दहा मिनिटं आहेत, म्हटलं तुझ्याशी बोलून घ्यावं". मग शेवटी कारण शोधावं लागत नाही.

चारपाच जणांच्या घोळक्यात यातलं जवळपास काहीच लागत नाही. बोलणाऱ्याला तोडू नका, एक हशा किंवा विषयाचा बदल येऊ द्या, शेजारच्याच्या कानात "आलेच मी" किंवा "निघते गं" म्हणा, बाकीच्यांकडे बघून हात हलवा आणि बाजूला व्हा. चौघांचं चालू असलेलं बोलणं थांबवून प्रत्येकाचा वेगळा निरोप घेतला की तुमच्या निघण्याचाच कार्यक्रम होतो. पण घोळक्यात तिघंच असाल तर जरा बघा, तुम्ही गेल्यावर उरलेल्या दोघांची एकमेकांशी ओळख आहे का. नसेल तर निघायच्या आधी त्यांना जोडून देणारं एक वाक्य बोला, "अहो, यांनाही ट्रेकिंगची आवड आहे, मघाशी तेच सांगत होते", ते दोघं एकमेकांकडे वळले की तुम्ही निघा.